बुक केली एक, मिळाली दुसरी : दुचाकीच्या डीलरविरुद्ध तक्रार कशी उभी करायची

शोरूममध्ये ‘डिस्क’ मॉडेल बुक केले, हातात आले ‘ड्रम’. ॲक्सेसरीजचे पैसे घेतले, पण गाडीवर फक्त पायाखालची मॅट आणि सीट कव्हर. अशा वेळी बहुतेक लोक शोरूमच्या काउंटरवर जाऊन तावातावाने बोलतात, ‘मॅनेजर साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकून परत येतात आणि महिन्याभरात थकून जातात. त्यांची बाजू खरी असते. पण ती कागदावर आलेली नसते, आणि अशा भांडणात कागदावर नसलेली बाजू टिकत नाही. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या माणसाला एकट्याने, वकील न लावता हे काम कसे करता येते, ते इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरण माझ्या भाच्याचे आहे. तो भांडुपला राहतो, आणि स्कूटर त्याने पूर्व उपनगरातल्याच एका शोरूममधून घेतली.

आधी तीन कागद शेजारी ठेवा

भांडायला जाण्यापूर्वी तीन कागद टेबलावर मांडायचे : बुकिंगच्या वेळचे कोटेशन किंवा पावती, गाडीचा टॅक्स इन्व्हॉइस आणि आरसी. पहिला कागद सांगतो की डीलरने काय कबूल केले. दुसरा सांगतो की त्याने काय विकले. तिसरा सांगतो की सरकारदरबारी कोणती गाडी नोंदली गेली. आरसीवर उत्पादकाचे मॉडेल असा रकाना असतो आणि त्यात बहुतेक वेळा व्हेरियंटही लिहिलेले असते. स्मार्ट कार्ड अजून घरी आले नसेल तर एमपरिवहन किंवा डिजिलॉकर ॲपवर तीच नोंद दिसते. फॉर्म 21 म्हणजे विक्रीचा दाखला, तोही डीलरकडून मागून घ्या. विमा पॉलिसीवरही व्हेरियंट असते, ते तपासायला विसरू नका.

आता व्हेरियंटचे नाव तिन्ही कागदांवर वाचा. कोटेशनवर डिस्क, इन्व्हॉइसवर डिस्क आणि प्रत्यक्षात गाडी ड्रम असेल, तर चुकीची गाडी तुमच्या माथी मारली आहे आणि इन्व्हॉइसही खोटे सांगते आहे. पण जास्त वेळा दिसते ते वेगळेच. कोटेशनवर डिस्क असते, इन्व्हॉइस आणि आरसीवर ड्रम, आणि पैसे मात्र डिस्कचे घेतलेले असतात. म्हणजे सरकारी कागद बिनचूक असतात आणि मधली रक्कम कुठेच दिसत नाही. भाच्याचे असेच झाले होते.

हे पकडायची रीत सोपी आहे. तुम्ही दिलेल्या एकूण पैशांतून हातात आलेल्या बिलांची बेरीज वजा करायची. त्याला मिळालेले कोटेशन असे होते : एक्स-शोरूम किंमत 98,400, आरटीओचा कर आणि नोंदणी 12,600, विमा 7,200, ॲक्सेसरीज 4,850 आणि हॅंडलिंग 1,200. एकूण 1,24,250 रुपये, आणि तेवढे सगळे त्याने भरले. नंतर मागून मागून बिले मिळाली, त्यात स्कूटर 90,900, कर आणि नोंदणी 11,750, विमा 6,950 आणि ॲक्सेसरीज 4,850 असे होते. यांची बेरीज 1,14,450. म्हणजे 9,800 रुपयांना बिलच नव्हते.

ॲक्सेसरीजच्या बिलात सहा वस्तू होत्या : क्रॅश गार्ड 1,450, मॅट 350, सीट कव्हर 600, मडफ्लॅप 250, गाडी झाकायचे कव्हर 700 आणि हेल्मेट 1,500. मिळाल्या फक्त मॅट आणि सीट कव्हर, म्हणजे 950 रुपयांच्या. बाकी 3,900 रुपये वस्तूंशिवाय गेले. 9,800 आणि 3,900 मिळून मागणीचा आकडा झाला 13,700. काउंटरवर ‘खूप फसवलंत’ म्हणण्यापेक्षा हा आकडा जास्त काम करतो, कारण डीलरच्या अकाउंट्सच्या माणसाला तो खोडून काढायचा तर स्वतःचीच बिले खोटी म्हणावी लागतात.

यातल्या दोन रकमांबद्दल थोडे अधिक. मोटार वाहन नियमांमध्ये नोंदणीच्या फीचा तक्ता नियम 81 मध्ये दिलेला आहे आणि त्यात हॅंडलिंग नावाची फी नाही. ही रक्कम डीलर स्वतःसाठी घेतो, त्यामुळे तिचे बिल मागायचा आणि बिल नसेल तर ती परत मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दुसरी हेल्मेटची. दुचाकी विकताना बीआयएस प्रमाणित हेल्मेट पुरवावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम 138 मध्ये उत्पादकाला बंधन घातलेले आहे. ते ॲक्सेसरीजमध्ये धरून त्याचे पैसे लावणे आणि वर ते न देणे, हा मुद्दा तक्रारीत स्वतंत्र लिहा. मागच्या सीटवरची पकड, पायटेकू आणि मागच्या चाकावरचे साडी गार्ड यांचेही तसेच आहे. नियम 123 प्रमाणे ते गाडीबरोबरच यायला हवेत. त्यांची नावे ॲक्सेसरीजच्या यादीत किमतीसह दिसली तर तिथेच बोट ठेवा.

व्हेरियंट सिद्ध करताना

बुकिंगच्या पावतीवर पुष्कळदा फक्त मॉडेलचे नाव आणि रंग असतो, व्हेरियंट नसते. डीलर मग म्हणतो, ‘तुम्ही हेच बुक केलं होतं.’ घाबरू नका. किंमतच व्हेरियंट सांगते. त्या महिन्यात कंपनीच्या वेबसाइटवर मुंबईसाठी जी एक्स-शोरूम किंमत होती तिचा स्क्रीनशॉट ठेवा. कोटेशनवरचा आकडा फक्त एकाच व्हेरियंटशी जुळत असेल तर वाद तिथेच संपतो. सेल्स एक्झिक्युटिव्हशी व्हॉट्सॲपवर झालेले बोलणे पुसू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. ‘सर, डिस्क कन्फर्म’ एवढे तीन शब्दही कामाचे असतात.

गाडीचे फोटो काढा : चासी नंबर, पुढचे चाक आणि ब्रेक, मीटरवर दिसणारे किलोमीटर, आणि क्रॅश गार्ड जिथे हवा ती मोकळी जागा. चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्याच कंपनीच्या दुसऱ्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरवर तो सांगितला तर कंपनीच्या नोंदीत ती गाडी कोणत्या व्हेरियंटची आहे हे दिसते. जॉब कार्डवर ते नाव छापून येते, ते जपून ठेवा.

या टप्प्यावर डीलरकडून एक प्रस्ताव हमखास येतो : ‘थांबा, आम्ही डिस्क बसवून देतो.’ याला नाही म्हणा. डिस्क ब्रेक म्हणजे नुसती एक चकती नव्हे. पुढचा फोर्क, चाकाचा हब, मास्टर सिलिंडर, दोन्ही ब्रेक एकत्र लागायची व्यवस्था, हे सगळे त्या व्हेरियंटसाठी कारखान्यात जुळवलेले असते. बाहेरून बसवलेल्या ब्रेकमुळे वॉरंटीचा वाद होऊ शकतो. शिवाय उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी नेमके हेच विचारेल. ब्रेकच्या बाबतीत जुगाड नको, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

गाडी बदलून मागायची की फरक?

हे आधी ठरवा, कारण पुढची सगळी तक्रार त्यावर उभी राहते. पासिंग झालेले नसेल तर गाडी बदलून मागणे सरळ आहे. पण नोंदणी झाल्याशिवाय ग्राहकाला गाडी देऊ नये असा नियम 42 आहे, त्यामुळे गाडी हातात येते तेव्हा तो चासी नंबर आधीच तुमच्या नावावर चढलेला असतो. ती परत घेतली तर डीलरला ती जुनी गाडी म्हणून विकावी लागते, म्हणून तो जिवावर आल्यासारखा भांडतो. बदल मागायचा असेल तर पहिल्या दोन-चार दिवसांत, मीटर जवळपास शून्यावर असताना, लेखी मागा. गाडी वापरून झाली असेल तर किमतीतला फरक, कर आणि विम्यातला फरक आणि न मिळालेल्या वस्तूंचे पैसे मागणे जास्त व्यवहार्य. भाच्याला रोज कामावर जायला गाडी हवीच होती, म्हणून त्याने फरक मागितला.

यातूनच अजून बुकिंग केलेल्यांसाठी एक गोष्ट निघते. पासिंगची फाइल जाण्याच्या आधी चासी नंबर मागा आणि प्रत्यक्ष ती गाडी यार्डात जाऊन पाहा. डिलिव्हरीच्या दिवशी हार आणि पेढ्यांच्या गडबडीत पाहिले तर उशीर झालेला असतो. डिलिव्हरी चलनावर सगळे मिळाल्याचे छापलेले असते. सही करण्याआधी त्यावरच पेनाने लिहा : ‘क्रॅश गार्ड, मडफ्लॅप, कव्हर, हेल्मेट मिळाले नाही.’ सही आधीच करून बसला असाल तरी सगळे संपले असे नाही. त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, डीलरला ईमेल करा. वेळेवर केलेला ईमेल त्या सहीचे वजन बरेच कमी करतो.

कर्जावर गाडी असेल तर हप्ते थांबवू नका. डीलरवरचा राग बँकेवर काढला तर फटका तुमच्याच क्रेडिट स्कोअरला बसतो. फक्त बँकेला लेखी कळवा की कर्ज ज्या व्हेरियंटच्या किमतीवर दिले ती गाडी मिळालेली नाही.

पहिले पत्र

पत्र शोरूमच्या मॅनेजरच्या नावे लिहा, ईमेलने पाठवा आणि तेच स्पीड पोस्टानेही पाठवा. प्रत उत्पादक कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला. पत्रात राग नको, तारखा आणि आकडे हवेत. ते साधारण असे :

*प्रति, व्यवस्थापक, … शोरूम, मुंबई.*
*विषय : बुक केलेल्यापेक्षा वेगळ्या व्हेरियंटची डिलिव्हरी आणि न बसवलेल्या ॲक्सेसरीजचे घेतलेले पैसे.*
*मी दि. … रोजी पावती क्र. … ने … या मॉडेलचे डिस्क व्हेरियंट बुक केले आणि कोटेशनप्रमाणे एकूण रु. 1,24,250 भरले. दि. … रोजी चासी क्र. … ची गाडी देण्यात आली. टॅक्स इन्व्हॉइस क्र. … आणि आरसीप्रमाणे ती ड्रम व्हेरियंटची आहे. आपण दिलेल्या सर्व बिलांची बेरीज रु. 1,14,450 होते. उरलेल्या रु. 9,800 चे बिल नाही. ॲक्सेसरीज बिल क्र. … मधील क्रॅश गार्ड, मडफ्लॅप, कव्हर आणि हेल्मेट, एकूण रु. 3,900, मिळालेले नाहीत. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत रु. 13,700 माझ्या बँक खात्यात जमा करावेत. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे मी तक्रार दाखल करेन. सोबत : कोटेशन, पावत्या, इन्व्हॉइस, आरसी आणि फोटो.*

ॲक्सेसरीजचे बिल वरच्या नावासह नीट वाचा. अनेकदा ते शोरूमच्या नावाने नसून मालकाच्याच दुसऱ्या एखाद्या फर्मच्या नावाने असते, जीएसटी क्रमांकही वेगळा असतो. तसे असेल तर पत्र दोघांनाही पाठवा, नाहीतर शोरूम पुढे म्हणेल, ‘ते आमचं बिल नाही.’ तसेच बुकिंगचे पैसे एक्झिक्युटिव्हच्या वैयक्तिक यूपीआयवर गेले असतील तर बँकेचे स्टेटमेंट जोडा आणि ते शोरूममध्ये, त्याच्या सांगण्यावरून दिले असे स्पष्ट लिहा. शोरूमच्या नोकराने शोरूमच्या कामासाठी घेतलेले पैसे शोरूमने नाकारणे सोपे नसते, पण मुळात पैसे कंपनीच्या खात्यातच भरणे बरे.

1915 आणि आरटीओ

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, किंवा ‘पाहतो’ एवढेच आले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येते. consumerhelpline.gov.in वरही करता येते आणि तिथे कागद जोडता येतात, म्हणून मी वेबसाइट सुचवेन. तक्रार क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. हेल्पलाइन कोणाला आदेश देऊ शकत नाही, ती फक्त तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून उत्तर मागते. तरीही तिचा उपयोग होतो, कारण दुचाकीच्या मोठ्या कंपन्या तिथे आलेल्या तक्रारी पाहतात आणि त्या डीलरच्या एरिया मॅनेजरकडे पाठवतात. काउंटरवरचा मुलगा जे ऐकत नाही, ते वरून आलेल्या फोनवर ऐकले जाते.

आरटीओकडून पैसे परत मिळत नाहीत, हे लक्षात ठेवूनच तिकडे जा. डीलरला गाड्या बाळगायला आणि विकायला लागणारे ट्रेड सर्टिफिकेट मात्र आरटीओ देतो, म्हणून हॅंडलिंगचे पैसे आणि न दिलेले हेल्मेट या दोन मुद्द्यांवर त्याच्याकडे लेखी तक्रार करता येते. शोरूम ज्या भागात आहे तिथल्या कार्यालयात द्यायची : ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली. कुर्ला ते मुलुंड पट्ट्यासाठी वडाळा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

ग्राहक आयोग

इथे पैसे परत करण्याचा आदेश मिळू शकतो. व्यवहाराची रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जायचे, म्हणजे दुचाकीच्या बाबतीत बहुधा नेहमीच. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. वकील बंधनकारक नाही. 2019 च्या कायद्याने एक मोठी सोय केली : शोरूम कुठेही असो, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ठाण्याच्या शोरूममधून गाडी घेतलेला भांडुपकर मुंबई उपनगरच्या आयोगाकडे, वांद्रे पूर्वेला, जाऊ शकतो. मध्य आणि दक्षिण मुंबईचे आयोग परळला आहेत. मुदत दोन वर्षांची, पण इतके थांबू नका. सर्व्हिसिंग होत गेले, भाग बदलले की गाडीच तुमच्या विरुद्ध बोलू लागते.

तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाइन दाखल होते. लागते ते एवढे : घटनाक्रम तारीखवार, तक्रारीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, कागदांची सूची आणि त्यांच्या प्रती. व्हॉट्सॲप चॅट आणि फोटो पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. हा फोन माझा आहे आणि ही प्रत त्यातूनच काढली आहे, असे त्याचे स्वरूप असते. लोक हेच विसरतात आणि मग चॅटवर हरकत येते.

प्रतिवादी कोणाला करायचे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. डीलर पहिला. ॲक्सेसरीजची फर्म वेगळी असेल तर ती दुसरी. उत्पादकाला मी फक्त व्हेरियंटचाच वाद असेल तेव्हा घ्यायला सांगतो, कारण चासी नंबरची नोंद त्याच्याकडे असते. डीलरने खिशात घातलेल्या पैशांबद्दल उत्पादक जबाबदारी झटकतो, आणि पुष्कळदा त्याचे म्हणणे मान्यही होते.

मागणीत मूळ रक्कम, त्यावर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च असे वेगवेगळे लिहा. 13,700 रुपयांच्या वादात पाच लाखांची भरपाई मागू नका. आयोगाच्या मनात तुमच्या बाकीच्या आकड्यांविषयीही शंका उभी राहते. दहा हजार भरपाई आणि पाच हजार खर्च अशी मागणी पटण्यासारखी असते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो, त्या तयारीने उतरा. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायत आहे, तिथे मार्गदर्शन मिळते.

डिलिव्हरीचे काम करणारी मुले मला विचारतात की गाडी धंद्यासाठी घेतली म्हणून आम्ही ग्राहक नाही का. कायद्यात व्यापारी हेतू वगळलेला आहे, पण स्वतःच्या रोजीरोटीसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही. तक्रारीत ते एका वाक्यात स्पष्ट लिहा.

तडजोड आली तर

भाच्याचे प्रकरण आयोगापर्यंत गेले नाही. हेल्पलाइनवर तक्रार पडल्यानंतर शोरूममधून बोलावणे आले. आधी फुकट सर्व्हिसिंगची कुपने देऊ केली, मग क्रॅश गार्ड बसवून देतो आणि निम्मे पैसे परत करतो असे सुचवले. त्याने बेरजेचा कागद पुढे सरकवला आणि ‘यातला कुठला आकडा चुकीचा आहे ते सांगा, मी कमी करतो’ एवढेच म्हणाला. शेवटी पूर्ण 13,700 रुपये खात्यावर आले.

अशा वेळी एक कागद पुढे येतो : ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.’ पैसे खात्यात दिसल्याशिवाय त्यावर सही करू नका, चेकही वटल्यावरच धरा. रक्कम कोणत्या कारणासाठी परत केली ते त्यात लिहून घ्या : इतके व्हेरियंटच्या फरकाचे, इतके न दिलेल्या वस्तूंचे. ब्रेक किंवा इंजिनाच्या वॉरंटीवरचा हक्क सोडल्याचे वाक्य त्यात असेल तर ते खोडायला लावा. आणि सही करण्यापूर्वी विमा पॉलिसी पुन्हा उघडा. तिच्यावर अजून डिस्क व्हेरियंट असेल तर ते दुरुस्त करून घेण्याची जबाबदारी डीलरची आहे, असेही त्याच कागदावर लिहून घ्या. चुकीच्या व्हेरियंटची पॉलिसी घेऊन गाडी चालवली तर पहिल्याच क्लेमच्या वेळी सर्व्हेअर तो फरक काढून दाखवेल.